पहिल्याच ओळीत दुकानाचं नाव नको

तुमच्या खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या जाहिरातीचा मसुदा वाचला. व्हिडिओ 30 सेकंदांचा. त्यात साधारण 60 शब्द निवांत बोलता येतात, तुमचे 150 झालेत. चिवडा, लोणची, मसाले सगळं एकदम सांगायला जाऊ नका. एकच पदार्थ धरा, समजा भाजणी.

सुरुवात अशी करून बघा: तव्यावर थालीपीठ चुरचुरतंय, आणि आवाज येतो, "आई फोनवर विचारत होती, नेलेली भाजणी संपली असेल ना गं?" एवढ्यानं घर आठवतं. मग "मायभूमीची चव" लिहायची गरजच उरत नाही (ते सगळेच लिहितात!). भाजणीचं पाकीट यानंतर दाखवा.

शेवटी दुकानाचं नाव आणि घरपोच कसं मागवायचं, बस्स. पार्श्वसंगीत सध्या नको, ती चुरचुर ऐकू आली पाहिजे.