अनुक्रमण: कोऱ्या खडकावरचं आणि मोडलेल्या वावरातलं

प्रश्न: «मुलीचा अभ्यास घेताना 'प्राथमिक अनुक्रमण' आणि 'द्वितीयक अनुक्रमण' हे शब्द आले. पहिलं संपलं की दुसरं सुरू होतं, असं आहे का? आणि काटोलकडे आमचं वावर बारा वर्षांपासून पडीत आहे. तिथं आता पळस-बोरींचं रान माजलंय, त्याला यातलं काय म्हणायचं?»

नाही, एकामागून एक येणारे हे दोन टप्पे नव्हेत. शाळेमुळे 'प्राथमिक'नंतर 'माध्यमिक' ऐकायची कानाला सवय झालेली असते, म्हणून तसं वाटतं. अनुक्रमण म्हणजे एखाद्या जागेवर काळानुसार झाडोरा येत आणि बदलत जाणं. हे शब्द त्याची सुरुवात कुठून झाली एवढंच सांगतात. जिथे माती नव्हतीच, तिथून झाडोऱ्याची सुरुवात झाली तर ते प्राथमिक. माती होती, पण वरचं रान तोडलं, जाळलं किंवा नांगरलं गेलं आणि मग पुन्हा झाडोरा आला, तर ते द्वितीयक. तुमचं वावर द्वितीयकात मोडतं.

'द्वितीयक' म्हणजे 'दुय्यम' नव्हे, हेही मुलीला सांगा. दुय्यममध्ये कमी दर्जाचा अर्थ येतो, आणि तो इथे अजिबात नाही. मी घरी समजावताना 'कोऱ्या जागेवरचं' आणि 'मोडलेल्या जागेवरचं' असं म्हणतो. परीक्षेत चालणार नाही, पण डोक्यात पक्कं बसतं.

आता मूळ शब्दाकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. अनुक्रमण म्हणजे अनु अधिक क्रमण, मागोमाग पाऊल टाकणं. 'अतिक्रमण' त्याच धातूचा भाऊ, तिथे पाऊल हद्दीबाहेर पडतं. 'अनुक्रमणिका'ही त्याच घरातली. त्यामुळे अनुक्रमण ऐकलं की मनात क्रमांक लावलेली यादी उभी राहते: आधी शैवाक, मग हरिता म्हणजे मॉस, मग गवत, मग झुडूप, मग वृक्ष. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमंट्स यांनी १९१६ साली ही कल्पना जवळपास अशीच मांडली होती. एक थर पुढच्यासाठी जमीन तयार करतो आणि स्वतः बाजूला होतो, असं तिचं स्वरूप. आपला शब्द त्या कल्पनेला अगदी फिट बसतो. प्रत्यक्षात मात्र रान इतकं शिस्तीत येत नाही.

कोऱ्या खडकावर क्रम थोडा तरी पाळला जातो. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर गेलात तर वाटेच्या कडेच्या काळ्या दगडाकडे नीट बघा. त्यावर राखाडी-पांढुरके, दगडाला चिकटून बसलेले चट्टे असतात. ते शैवाक, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. आपल्या साऊजी मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं, फक्त ते पानासारखं सुटं वाढतं, आणि हे नखानेही निघत नाही. हे चट्टे वर्षाला फार तर मिलिमीटरभर सरकतात. त्यांच्यातून स्रवणारी आम्लं दगडाचा पृष्ठभाग हळूहळू कुरतडतात. भेगांमध्ये धूळ आणि मेलेल्या शैवाकाचा चुरा साचतो. पावसाळ्यात त्यावर हरिता धरते, जुलैत मखमली हिरवी असते आणि दिवाळीनंतर तपकिरी, मेल्यासारखी दिसते. तिच्या गादीत ओल थोडी जास्त टिकते आणि गवताचं एखादं बी रुजतं. बोटभर माती व्हायला माणसाच्या कित्येक पिढ्या जातात.

तरी इथेही यादी मोडते. आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातल्या ज्वालामुखीतून सर्टसी नावाचं बेट वर आलं. शास्त्रज्ञांनी ते सुरुवातीपासून राखून ठेवलं, माणसाला मोकळेपणी पाऊल टाकू दिलं नाही. पुस्तकाप्रमाणे तिथे आधी शैवाक यायला हवं होतं. प्रत्यक्षात १९६५ मध्ये किनाऱ्याच्या वाळूत आधी एक फुलझाड उगवलं, हरिता १९६७ मध्ये सापडली आणि शैवाक थेट १९७० मध्ये. समुद्राने बी आणून टाकलं, वाळूत ते रुजलं, दगड तोवर कोराच होता. ऐंशीच्या दशकात पाणपक्ष्यांची वसाहत वसली, विष्ठेतून नत्र मिळालं आणि तेव्हा कुठे हिरवळ दाट झाली. क्रम ठरवणारी गोष्ट यादी नव्हती. काय पोचलं आणि जमिनीत काय कमी होतं, यावर सगळं ठरलं.

हे आपल्याकडे बघायचं असेल तर उमरेडच्या कोळसा खाणींजवळ जा. खाणकामगार ज्याला 'ओबी' म्हणतात, ते कोळशावरून काढून टाकलेल्या दगड-मातीचे डोंगर तिथे आहेत. खाली कधीकाळी वावर असेल, म्हणून हे द्वितीयक, असं म्हणायचा मोह होतो. पण खोदताना चांगली वरची माती आधी निघते, ती ढिगाच्या तळाशी जाते आणि खोलवरचा दगड माथ्यावर येतो. म्हणून माथ्यावर जे उगवतं ते प्राथमिकच्या जवळचं. तिथे नत्र नाही, कुजलेला पाला नाही, मुळांना मदत करणाऱ्या बुरशा नाहीत, पाणी मुरत नाही. जिल्ह्यातल्याच गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने झाडं जगवली, तेव्हा खड्ड्यांत साखर कारखान्यातली प्रेसमड म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, नत्र धरणारे रायझोबियम जिवाणू आणि मुळांवरची बुरशी घातली होती. जे शतकानुशतकं साचायचं, ते हाताने टाकलं. 'प्राथमिक' या शब्दाचा अर्थ त्या खड्ड्यात चांगला दिसतो.

आता तुमचं वावर. माझ्या मामांचं हिंगण्याकडचं वावरही असंच सुटलं होतं, म्हणून हे मी जवळून पाहिलंय. पहिल्या पावसाळ्यात तरोटा आणि गाजरगवत माजलं, दोन-तीन वर्षांत कुसळी आणि मारवेल आलं, मग बोरी-बाभळी, आणि मग पळस. मी वहीत तसाच क्रम लिहून ठेवला होता. एका जूनमध्ये, पहिल्या पावसाने जमीन मऊ झाल्यावर, वीतभर उंचीचं पळसाचं 'रोप' घरी लावायला म्हणून खुरप्याने काढायला गेलो. दीड फूट खणलं तरी मूळ संपेना. वर तीन पानं आणि खाली मनगटाएवढं जाड, गाठाळ मूळ, त्यावर नांगराच्या फाळाच्या जुन्या खुणा. ते रोप नव्हतंच. मामा नांगरत होते तेव्हाही पळस तिथेच होता. दरवर्षी फाळ वरचं कापायचा, तो खालून पुन्हा फुटायचा. शेती थांबली आणि त्याला मान वर काढायला मिळाली, इतकंच.

यासाठी फ्रँक एग्लर या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक फरक सांगितला. झाडं एकामागून एक येतात, ही एक कल्पना. दुसरी अशी की शेत सुटलं त्या दिवशी बरंचसं रान बी, मूळ आणि खोडक्याच्या रूपात आधीच हजर असतं, आणि जो तो आपापल्या वेगाने वाढतो. तरोटा तीन महिन्यांत छातीएवढा होतो म्हणून तो 'पहिला' दिसतो, पळसाला वेळ लागतो म्हणून तो 'नंतरचा'. दिसण्याचा क्रम वेगळा आणि येण्याचा क्रम वेगळा. पडीत वावरांबाबत मला दुसरी कल्पना जास्त खरी वाटते, आणि 'अनुक्रमण' हा शब्द नेमकं तेच झाकतो.

सगळंच आधी असतं असंही नाही. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बी लेंड्यांतून पडतं, बोरी कोल्हे आणतात. बाभूळ डोक्याइतकी झाली की तिच्यावर पक्षी बसतात, आणि तिच्या सावलीत कडुनिंबाची रोपं दिसू लागतात. ही रोपं खरोखर मागून आलेली. साग मात्र जवळ जंगल असेल तरच येतो, कारण त्याचं जड फळ मूळ झाडापासून फार लांब जात नाही. म्हणून 'शेवटी इथे सागाचं जंगल होईल' असं कुठल्याही वावराबद्दल सांगता येत नाही. काळ्या भारी जमिनीत तर सागाचं जमतही नाही, तिथे बाभूळ आणि पळसच टिकतात. पळस माजण्याचं आणखी एक साधं कारण: गुरं त्याच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत.

हे सगळं अडतंही. दरवर्षी उन्हाळ्यात वणवा लागला तर कुसळी टिकते आणि कोवळी रोपं मरतात, रान वर्षानुवर्षं गवतावरच थांबतं. रायमुनियाने, म्हणजे घाणेरीने, जाळी केली तर खाली उजेड जात नाही आणि तेही थांबतं. सतत फांद्या तोडल्या की झाड झुडपाच्या उंचीवर राहतं. इथे आपल्या विदर्भाचा एक शब्द आठवतो: 'झुडपी जंगल'. ही महसुली नोंद आहे, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जमिनींना जंगलच धरावं असं ठरवलं. त्या नोंदीत 'झुडपी' हे जमिनीचं कायमचं विशेषण होऊन बसलं. काही ठिकाणी मुरूम इतका उथळ असतो की झुडपापलीकडे काही होणार नाही, तिथे शब्द बरोबर आहे. पण काही ठिकाणी ते झुडूप म्हणजे तोडलेला धावडा किंवा तेंदू असतो. बुंध्याशी वाका. जुन्या खोडक्याभोवती चार-पाच फुटवे असतील, तर ते अडवून ठेवलेलं झाड आहे.

सातबाऱ्यावर 'पड' लिहिलेलं असतं, आणि बोलताना आपण 'पडीत' म्हणतो. दोन्ही शब्द शेतकऱ्याच्या बाजूने आहेत: जमीन पडून आहे, तिच्यात काही चाललेलं नाही. अनुक्रमणाच्या बाजूने पाहिलं तर त्या बारा वर्षांत तुमच्या वावरात नांगराखालच्या काळापेक्षा खूप जास्त घडलंय. मुलीला या जूनमध्ये काटोलला घेऊन जा. धुऱ्यापासून लांब, वावराच्या मधोमध एक वीतभर पळस निवडा आणि त्याच्या बाजूने खणा. मूळ बोटाएवढं निघालं तर तो बियापासून आलेला, मनगटाएवढं निघालं तर तो तुमच्या आजोबांच्याही आधीचा असू शकतो. माती परत नीट लोटा, तो पुन्हा फुटेल.