जुनी गाडी, झोपाळा आणि भांडवली नफा

प्रश्न: घोडबंदर रोडवरचे भाड्याचे घर सोडून कायमचे पुण्याला जात आहोत. 2018 साली 7,60,000 ला घेतलेली गाडी 3,40,000 ला विकली. बाकीचे फर्निचर किरकोळ भावात गेले, पण 2009 साली 22,000 ला घेतलेला शिसवी झोपाळा 60,000 ला गेला. झोपाळ्याच्या नफ्यावर कर लागेल का? आणि गाडीतला तोटा शेअरच्या नफ्यातून वजा करता येईल का?

उत्तर:

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि दोन्हींचे कारणही एकच आहे. भांडवली नफ्यावरील कर हा कोणत्याही वस्तूच्या विक्रीवर लागत नाही. तो ‘भांडवली मालमत्ते’च्या विक्रीवर लागतो. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 2(14) मध्ये या शब्दाची व्याख्या करताना आधी जवळजवळ सर्व प्रकारची मालमत्ता आत घेतली आहे आणि मग काही गोष्टी बाहेर काढल्या आहेत. करदात्याच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या वैयक्तिक वापरासाठी ठेवलेली जंगम मालमत्ता ही त्या बाहेर काढलेल्या गोष्टींपैकी एक असून, कपडे आणि फर्निचर यांचा तिथे नावाने उल्लेख आहे. 2025 च्या नव्या कायद्यातही ही व्याख्या मूळ आशयासह कायम ठेवलेली आहे.

त्यामुळे आपल्या झोपाळ्यावरील 38,000 रुपयांच्या फायद्याला सूट मिळाली, असे म्हणणे नेमके नाही. सूट मिळण्यासाठी आधी ते उत्पन्न कराच्या कक्षेत यावे लागते. झोपाळा त्या कक्षेत आलेलाच नाही. तो किती वर्षे घरात होता, हा प्रश्नही म्हणून उद्भवत नाही. मात्र जे दार नफ्याला बंद आहे ते तोट्यालाही बंद असते. गाडीतील 4,20,000 रुपयांची घट कायद्याच्या दृष्टीने भांडवली तोटा नसून आपण सात-आठ वर्षे गाडी वापरल्याचा घरखर्च आहे, आणि शेअरच्या नफ्यातून तो वजा होणार नाही. माझ्या मते या तरतुदीमागचे व्यवहारज्ञानही हेच असावे, कारण घरगुती वस्तूंवरील क्वचित होणारा नफा पकडायचा ठरवला तर प्रत्येक जुन्या गाडीचा आणि सोफ्याचा तोटाही मान्य करावा लागला असता.

खरी मेख आहे ती ‘वैयक्तिक वापर’ या दोन शब्दांत. वस्तू वापरता येण्याजोगी असणे पुरेसे नाही, ती प्रत्यक्ष वापरात असावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 साली निकाली काढलेल्या एका प्रकरणात 1931 सालची फोर्ड टूरर गाडी होती. करदात्याने ती 1983 मध्ये 20,000 रुपयांना घेऊन पुढे 21 लाखांना विकली होती. मोटारगाडी ही मुळातच वैयक्तिक वस्तू आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. परंतु ती गाडी घरी उभी केली जात नव्हती, तिच्या देखभालीवर खर्च केल्याचा पुरावा नव्हता, आणि कामावर जाण्यासाठी त्याच्याकडे कंपनीची गाडी होती. प्रत्यक्ष वापर सिद्ध न झाल्यामुळे नफा करपात्र ठरला. आपल्या गाडीबाबत अशी शंका घेण्यास जागा नाही, कारण विम्याच्या पावत्या, सर्व्हिसिंगची बिले आणि सोसायटीतील पार्किंगचे शुल्क यांतून तिचा रोजचा वापर सहज दिसून येईल.

‘वापर’ या शब्दाची दुसरी बाजू व्यवसायाची आहे, आणि लोक सर्वाधिक फसतात ते इथे. वाशीत दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचे उदाहरण घेऊ. त्यांनी एप्रिलमध्ये 9,00,000 ची गाडी दवाखान्याच्या हिशेबात घेतली आणि दरवर्षी 15 टक्के घसारा वजा करून घेतला. पहिल्या वर्षअखेरीस हिशेबातील किंमत 7,65,000, दुसऱ्या वर्षी 6,50,250 आणि तिसऱ्या वर्षी सुमारे 5,52,700 झाली. चौथ्या वर्षी त्यांनी ती 6,20,000 ला विकली. घसाऱ्याच्या त्या गटात दुसरी कोणतीही वस्तू उरली नसेल, तर सुमारे 67,300 रुपये अल्पकालीन भांडवली नफा धरला जातो. खरेदीपेक्षा 2,80,000 कमी मिळूनही कर का, असा प्रश्न त्यांना पडणे साहजिक आहे. पण घसाऱ्याच्या रूपाने ती घट त्यांनी आधीच उत्पन्नातून वजा करून घेतलेली असते. म्हणून गाडी विकणाऱ्याला मी पहिला प्रश्न किमतीचा विचारत नाही, मागील विवरणपत्रांत तिचा घसारा घेतला होता का, हे विचारतो.

फर्निचरलाही हाच निकष लागतो. आपल्या घरातील पलंग वैयक्तिक वापराचा असतो, परंतु खारघरमधला फ्लॅट फर्निचरसह भाड्याने दिला असेल, तर तिथला पलंग भाडेकरू वापरतो, मालक किंवा त्याचे कुटुंब नव्हे. तसेच भिंतीवर टांगलेले मूळ तैलचित्र, शिल्प किंवा अन्य कलाकृती घरातच असली तरी ती या वगळणुकीत बसत नाही, आणि दागिन्यांचेही तसेच आहे. झोपाळ्याच्या कड्यांना चांदीचा मुलामा आहे एवढ्यावरून त्याचा दागिना होत नाही, हे मात्र सांगून ठेवतो, कारण असा प्रश्न मला खरोखर विचारण्यात आला आहे.

आपले घर भाड्याचे असल्यामुळे पुढील अडचण आपल्याला येणार नाही, पण ठाण्यात ती नित्याची आहे. फ्लॅट विकताना काही जण एकूण किमतीतील आठ-दहा लाख ‘फर्निचरचा वेगळा करार’ करून बाजूला काढतात, म्हणजे तेवढी रक्कम करातून सुटते, असा समज असतो. सोफा, पलंग, फ्रिज यांची वाजवी किंमत वेगळी दाखवणे गैर नाही. परंतु व्याख्येत शब्द ‘जंगम’ असा आहे. भिंतीत पक्के बसवलेले मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंग त्यात बसवणे कठीण जाते, आणि वापरलेल्या सोफ्याची चार लाख किंमत कोणत्याही अधिकाऱ्याला पटणार नाही. शिवाय फ्लॅटची करारातील किंमत मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे खाली गेली, तर कर त्या मुद्रांक मूल्यावरच मोजला जातो, आणि वेगळ्या कराराचा हेतूच फसतो.

विवरणपत्रातील भांडवली नफ्याच्या तक्त्यात या विक्रीची नोंद करू नये. बँकेत जमा झालेल्या रकमेबद्दल कधी विचारणा झालीच, तर गाडीच्या मूळ खरेदीचे बिल, हस्तांतराच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती आणि खरेदीदाराची सही असलेली पावती दाखवता आली पाहिजे. झोपाळ्याचे 2009 चे बिल बहुधा सापडणार नाही. तो घरात असतानाचा जुना कौटुंबिक फोटो वापराचा पुरावा म्हणून जपून ठेवावा.

शेवटचा मुद्दा भांडवली नफ्याचा नाही, पण त्यात चूक झाली तर भुर्दंड मोठा आहे. एकाच व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास कायद्याने मनाई आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका होऊ शकतो. विक्रीचे उत्पन्न करपात्र नसले तरी हा नियम लागू होतो, आणि रक्कम दोन-तीन हप्त्यांत घेतली म्हणून व्यवहार वेगळे होत नाहीत. गाडीचे 3,40,000 अजून यायचे असतील, तर ते धनादेशाने किंवा थेट खात्यातच घ्यावेत.