चुकांची वही भरली, चुका मात्र त्याच

"दीड वर्षापासून मी इंग्रजी लेखनातल्या चुका वहीत उतरवतेय. दोनशेच्या वर नोंदी झाल्यात. दर रविवारी वही वाचतेही. तरी ईमेल लिहायला बसले की पुन्हा त्याच चुका. माझ्यातच काही कमी आहे का?"

पुढच्या भेटीला वही घेऊन या, असं मी त्यांना सांगितलं. वही सुबक होती: डावीकडे लाल शाईत चुकीचं वाक्य, उजवीकडे हिरव्या शाईत बरोबर. मी हिरवा रकाना कागदाने झाकला आणि कुठलीही दहा वाक्यं दुरुस्त करायला सांगितली. चारच जमली. "पण हे सगळं मला येतं हो," असं म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

येत होतं, पण ओळखण्यापुरतं. दोन्ही रकाने उघडे ठेवून वाचलं की चूक दिसते न दिसते तोच उत्तर समोर येतं आणि मन मान डोलावतं. लिहिताना समोर उत्तर नसतं, आठवून काढावं लागतं. तो सराव त्यांनी एकाही रविवारी केलेला नव्हता. कमी होतं ते एवढंच.

मग एक नोंद आम्ही निवांत उलगडली. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स.' हीच चूक वेगवेगळ्या वाक्यांत सात ठिकाणी होती आणि समोर दर वेळी नुसतं बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.' चूक कुठून आली, याचा कुठे उल्लेख नाही. मी त्यांना विचारलं, हे वाक्य मनात मराठीत कसं येतं? "मी इथे तीन वर्षांपासून काम करतेय." तिथेच उलगडा झाला. मराठीत 'करतेय' हा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला तिथे 'हॅव बीन' लागतं. शिवाय आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं: 'तीन वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून'. इंग्रजीत किती काळ हे सांगायला 'फॉर' आणि केव्हापासून हे सांगायला 'सिन्स'. म्हणजे एका वाक्यात दोन चुका होत्या, म्हणून नोंदीही दोन केल्या.

नव्या वहीत डाव्या पानावर फक्त मराठी वाक्य. उजव्या पानावर बरोबर इंग्रजी वाक्य आणि खाली एका ओळीत कारण. चुकीचं वाक्य पूर्ण लिहायचं नाही. ते पुन्हा पुन्हा नजरेखालून गेलं की तेच ओळखीचं वाटू लागतं. त्याखाली उदाहरणं: दोन वाक्यं शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशातून जशीच्या तशी उतरवलेली आणि एक स्वतःचं. स्वतःचं वाक्य नमुन्याला धरूनच असावं, त्यातलं काम आणि काळ तेवढा बदलावा. इथे मी जरा हट्टी आहे. तपासायला कोणी नसताना लांबलचक वाक्य रचलं तर त्यात नवी चूक शिरते आणि तिचाच सराव होतो.

सगळ्याच चुका वहीत येत नाहीत. चुकलेल्या जागेखाली रेघ दिली आणि तुम्ही मिनिटभरात स्वतःच दुरुस्त केली, तर ती नजरचूक. तिला नोंद नको. एका लेखनातून फार तर तीन नोंदी, त्याही वारंवार होणाऱ्या किंवा अर्थ बिघडवणाऱ्या. त्यांच्या दोनशे नोंदींतून अशा एकवीसच उरल्या.

उजळणी रोज दहा मिनिटं. उजवं पान झाकायचं, मराठी वाचून इंग्रजी वाक्य लिहून काढायचं आणि मगच पान उघडायचं. बरोबर आलं तर ती नोंद पुढे तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. चुकलं तर उद्या पुन्हा. पुढची तारीख पेन्सिलीने कोपऱ्यात. वहीत बरोबर आलं म्हणून नोंद खोडायची नाही. खऱ्या ईमेलमध्ये, वही न बघता, दोनदा बरोबर आलं की मगच खोडायची.

याला जोडून एक सवय: ईमेल पाठवण्याआधी एक वाचन फक्त एका चुकीसाठी. त्या पहिले दोन आठवडे प्रत्येक मसुद्यात 'सिन्स' शोधायच्या आणि त्यापुढे काय आलंय, कालावधी की सुरुवातीची वेळ, एवढंच बघायच्या.

दोन महिन्यांनी 'सिन्स'ची नोंद खोडली गेली. 'अ' आणि 'द'च्या चुका मात्र जवळपास तेवढ्याच राहिल्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. मराठीत असे शब्दच नाहीत आणि इंग्रजीतला त्यांचा वापर एका ओळीच्या कारणात बसत नाही. म्हणून त्यांच्यासाठी नियम लिहिणं आम्ही सोडलं. आता त्या वाचताना भेटलेले तुकडे अखंड उतरवतात, 'इन द मॉर्निंग', 'हॅव अ लुक' असे, आणि त्या पानांची उजळणीही मराठीवरूनच करतात.