दिवाळीची एकच रजा दोघांना हवी असेल तेव्हा

एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे: त्यांच्या सहाय्य विभागात त्या आणि त्यांचे एक गुजराती सहकारी यांपैकी एकाने तरी हजर असावे लागते, आणि दोघांनीही 9 ते 11 नोव्हेंबर 2026 ही रजा मागितली आहे. अर्ज आधी कोणाचा गेला हा वाद व्यवस्थापकांपुढे नेण्याआधी सहकाऱ्याशी बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सण एक असला तरी दोघांचा अगदी न चुकवता येणारा दिवस बहुधा वेगळा असतो. लक्ष्मीपूजन 8 तारखेला, रविवारी असल्यामुळे त्यावर वाद नाही. भारतातील पंचांगांप्रमाणे पाडवा 10 तारखेला आहे आणि गुजराती घरांत तोच नववर्षाचा दिवस असतो. आपल्याकडे भाऊबीज 11 तारखेला आहे. मात्र भारताच्या पश्चिमेकडील देशांत स्थानिक पंचांगानुसार हीच तिथी एक दिवस आधी येऊ शकते, म्हणून दोघे कोणते पंचांग पाळता हे प्रथम विचारून घ्यावे. दोघेही भारतातील तारखा पाळत असतील, तर पुढील मजकूर उपयोगी पडेल:

‘आपण दोघांनीही 9 ते 11 नोव्हेंबरची रजा मागितली आहे. माझ्यासाठी बुधवारची भाऊबीज सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्या दिवशी भाऊ आमच्याकडे येणार आहे. तुमच्यासाठी मंगळवारचे नववर्ष महत्त्वाचे असेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असल्यास कृपया सांगा. मंगळवारी पूर्ण दिवस मी काम सांभाळते आणि बुधवारी तुम्ही सांभाळावे. सोमवारी सकाळी मी आणि दुपारनंतर तुम्ही, किंवा उलट, जे तुम्हाला सोयीचे असेल ते. तुम्हाला हे मान्य असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे आपण दोघांच्या नावाने व्यवस्थापकांना लिहू.’

या मजकुरात स्वतः काय सोडणार हे आधी आणि तारखेसह सांगितले आहे. ‘काहीतरी जुळवून घेऊ’ असे लिहिल्यास सगळे जुळवण्याचे काम समोरच्यावर पडते आणि उत्तर लांबते. मुले लहान आहेत किंवा आपल्या घरी सण अधिक श्रद्धेने होतो, अशी कारणे मात्र लिहू नयेत. त्यामुळे समोरच्याला आपला सण मोठा ठरवण्याची वेळ येते. पाडव्याचे ओवाळणे संध्याकाळी घरी आल्यावर होऊ शकते, त्यामुळे मंगळवार सोडणे तुलनेने सोपे आहे.

सहकाऱ्यालाही बुधवारच हवा असल्यास यंदा एकाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने प्रथम निवड करावी, आणि ते व्यवस्थापकांना पाठवायच्या पत्रातच नोंदवावे, कारण वर्षभरात संघातील माणसे बदलतात. त्या पत्रात कोणत्या दिवशी कोण उपलब्ध असेल आणि अपुरी कामे कोणाकडे सोपवली जातील हेही लिहावे. दोघांचे एकमत म्हणजे रजा मंजूर झाली असे नव्हे, म्हणून लेखी होकार हाती येईपर्यंत विमानाची तिकिटे काढू नयेत.