दिवसाचा दर आधीच पूर्णांकात आणला की हातात येणारी रक्कम का बदलते

प्रश्न: महिना 31 दिवसांचा, 4 दिवस बिनपगारी. एकूण पगार 25,000, त्यात मूळ पगार 12,500, आणि मूळ पगारावर 12 टक्के कपात. स्लिपवर दिवसाचा दर 806 आहे. हातात 20,456 आले, माझ्या हिशेबाने 20,468 हवेत. 12 कुठे गेले?

तुमचा हिशेब बरोबर आहे. 25,000 भागिले 31 म्हणजे 806.4516. ऑफिसने आधी त्याचे 806 केले आणि मग 27 ने गुणले. रोजचे 0.4516 सुटले, 27 दिवसांचे मिळून 12.19.

```
=ROUND(25000/31,0)*27    21762
=ROUND(25000*27/31,0)    21774
```

दुसरी पद्धत योग्य. आधी गुणा, मग भागा आणि उत्तरावर एकदाच राउंडिंग करा. दर दोन दशांशांपर्यंत ठेवला असता तरी 21,774.15 आले असते, म्हणजे फरक जेमतेम 4 शतांशांचा.

कपातीने हा फरक भरून निघत नाही. मूळ पगार एका पद्धतीने 10,881 येतो, दुसऱ्या पद्धतीने 10,887. त्यावरचे 12 टक्के 1,305.72 आणि 1,306.44, पूर्णांकात दोन्हीकडे 1,306. कपात तेवढीच राहिल्यामुळे वरचे 12 जसेच्या तसे हातात येणाऱ्या रकमेतून गेले.

आता खरी गोम. तोच 806 चा दर वापरून गैरहजेरीचे 4 दिवस वजा केले असते, तर 25,000 − 3,224 = 21,776 आले असते. भरलेल्या दिवसांचे पैसे मोजले तर 21,762, न भरलेल्यांचे कापले तर 21,776. हा 14 चा फरक येतो कारण 806 × 31 = 24,986, म्हणजे त्या दराने पूर्ण महिनाही 25,000 होत नाही. दर वर गेला तर उलट घडते: 28 दिवसांच्या महिन्यात 892.857 चे 893 होतात, आणि भरलेले दिवस मोजणाऱ्या पद्धतीत कर्मचाऱ्याला थोडे जास्त मिळतात. म्हणून याला लगेच लबाडी म्हणू नये. पण सूत्र बदलून घ्यायलाच हवे.

स्वतः तपासताना फरकाला भरलेल्या दिवसांनी भागा. 12 भागिले 27 म्हणजे 0.44. उत्तर अर्ध्याच्या आत असेल तर राउंडिंगचा संशय रास्त. एकूण पगारात 27 दिवसांवर 13.5 पेक्षा जास्त फरक दिसला, तर एका दराच्या पूर्णांकाने तो होऊच शकत नाही. तिथे बहुधा भाजक 31 ऐवजी 30 किंवा 26 धरलेला असतो. मात्र मूळ पगार आणि भत्ते यांचे दर वेगवेगळे पूर्णांकात आणले असतील, तर ही मर्यादा प्रत्येक ओळीला स्वतंत्र लावा.

एक सावधगिरी: एक्सेलमध्ये सेलचे दशांश फक्त लपवले असतील तर 806 दिसते, पण आत 806.4516 असते आणि गुणाकार 21,774 च येतो. तुमच्या स्लिपवर एकूण 21,762 आहे, म्हणजे इथे दर खरोखरच कापला गेलाय. पगार विभागाला वरच्या दोन ओळी दाखवा आणि 12 ची थकबाकी पुढच्या स्लिपमध्ये वेगळ्या ओळीत मागा.