बाजूवरून सुसम पंचकोनाचे क्षेत्रफळ

प्रश्न: सुसम पंचकोनाची बाजू ८ सेमी आहे. केंद्राजवळचा कोन वापरून क्षेत्रफळ कसं काढायचं?

उत्तर: केंद्रापासून पाचही शिरोबिंदूंपर्यंत रेषा काढा. पाच एकरूप समद्विभुज त्रिकोण मिळतात आणि प्रत्येकाचा केंद्राजवळचा कोन ३६०° ÷ ५ = ७२° असतो.

आता एकच त्रिकोण घ्या आणि केंद्रातून बाजूवर लंब टाका. हा लंब ७२° चा कोनही दुभागतो आणि ८ सेमीची बाजूही. म्हणजे काटकोन त्रिकोणात कोन ३६°, त्याच्यासमोरची बाजू ४ सेमी, आणि लगतची बाजू म्हणजे आपला लंब.

tan 36° = 4 ÷ लंब
लंब = 4 ÷ 0.7265 ≈ 5.506 सेमी

एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ ½ × ८ × ५.५०६ ≈ २२.०२ चौसेमी, आणि पाचांचं मिळून सुमारे ११०.१ चौसेमी. बाजू s असेल तर:

A = 5s² ÷ (4 tan 36°) ≈ 1.72 s²

बहुतेकांची गफलत ३६° ऐवजी ७२° घेण्यात होते. मग उत्तर २६ च्या आसपास येतं. ते चुकीचं आहे हे लगेच ओळखता येतं, कारण त्याच बाजूचा चौरसच ६४ चौसेमीचा असतो आणि पंचकोन त्याहून मोठाच हवा. उत्तर १० च्या जवळपास आलं, तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. तो अंशांवर आणा.