बाळाचा काचबिंदू : ‘वर्षाचं होऊ द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे, दोन्ही डोळ्यांतून सारखं पाणी येतं. गावातल्या डॉक्टरांनी नळी बंद आहे म्हणून मालिश सांगितली. किती दिवस करायची? (एक आई, हिंगोली)

हाच प्रश्न मला एवढ्यांदा येतो की शेवटी सगळं एकदाच लिहायला बसलो. ताई, तुमचे डॉक्टर चुकले असं मी म्हणत नाही, पाणी येणाऱ्या बहुतेक लेकरांची डोळ्यातून नाकात पाणी नेणारी नळीच बंद असते आणि मालिशनं ती वर्षाच्या आत आपोआप उघडतेही. पण काही लेकरांना पाणी काचबिंदूमुळं येतं, म्हणजे डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढल्यामुळं, म्हणून एक गोष्ट घरीच बघा, बाळाला सकाळी अंगणात न्या. नळी बंद असलेलं लेकरू चिपडं धरतं, पापण्या चिकटतात, पण उजेडाकडं मजेत बघतं. काचबिंदूवालं लेकरू उजेडात डोळे गच्च मिटतं, आईच्या खांद्यात तोंड खुपसतं, आणि पाणी कसं तर पू नसलेलं, स्वच्छ. अजून एक खूण म्हणजे नाक. काचबिंदूत नळी उघडी असते त्यामुळं जास्तीचं पाणी नाकात उतरतं आणि नाकही वाहतं, लोक म्हणतात सर्दी झाली. नळी बंद असेल तर त्या बाजूचं नाक कोरडं. या खुणा शंभर टक्के नसतात, दोन्ही आजार एकाच लेकराला असू शकतात. म्हणून तुमचं बाळ अंगणात डोळे उघडत नसेल, किंवा बुबुळ धुरकट, निळसर दिसत असेल, तर मालिशचे दिवस मोजू नका, याच आठवड्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या सर्जनला दाखवा.

प्रश्न : आमच्या मुलीचे डोळे खूप मोठे आणि पाणीदार आहेत, सगळे कौतुक करतात. हा आजार असू शकतो का? (जालना)

असू शकतो, आणि नसूही शकतो. नवीन जन्मलेल्या बाळाचं काळं बुबुळ साधारण १० मिलीमीटर रुंद असतं, मोठ्या माणसाचं १२ च्या आतबाहेर. जन्मतःच ११ च्या वर किंवा वर्षाच्या आत १२ च्या वर गेलं तर आम्ही सावध होतो. घरी पट्टी लावून मोजू नका, त्यापेक्षा फोटोत बघा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसतो का, कारण काही लेकरांना एकाच डोळ्यात होतं आणि तेव्हा फरक लगेच कळतो. काहींचं बुबुळ नुसतं मोठं असतं, प्रेशर नॉर्मल असतं, त्यांना काहीच करावं लागत नाही, पण ते तपासल्याशिवाय कसं कळणार? नजर लागू नये म्हणून टिळा लावा बापडे, डोळेही दाखवा.

प्रश्न : काजळ, मध किंवा आईचं दूध डोळ्यात घातलं तर बरं वाटेल का?

नाही. काहीही घालू नका.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना काचबिंदू आहे, त्यांचे थेंब घरात आहेत. दवाखाना लांब आहे, तोवर बाळाला तेच टाकले तर? (धाराशिव तालुका)

अजिबात नाही! मोठ्यांना सर्रास देतात त्यातला ब्रिमोनिडीन नावाचा थेंब दोन वर्षांखालच्या बाळाला द्यायचा नसतो, बाळ सुस्त पडतं, श्वास मंदावतो. टिमोलॉलनं ठोके कमी होऊ शकतात, दम लागू शकतो. आणि मेडिकलवाल्यानं ‘डोळे आलेत’ म्हणून दिलेला स्टेरॉइडवाला थेंब तर उलट प्रेशर वाढवतो, वरून लाली कमी झाली की घरच्यांना वाटतं गुण आला. कोणते थेंब आधीच घातले असतील तर बाटली फेकू नका, सोबत आणा.

प्रश्न : चार महिन्यांच्या मुलाला दोन्ही डोळ्यांत जन्मजात काचबिंदू सांगितलाय. डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन. घरचे म्हणतात एवढ्याशा जीवाला भूल कशाला, वर्षाचा होऊ द्या, तोवर थेंब चालू ठेवू. तुमचं मत? (बीड)

माझं मत तुमच्या डॉक्टरांचंच, आणि इथं जरा लांबण लावतो, कारण हे ‘वर्षाचं होऊ द्या’ ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

डोळ्याच्या आत अश्रूंपेक्षा वेगळं एक पाणी सारखं तयार होतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. या लेकरांची ती जाळी पोटात असतानाच नीट घडलेली नसते. पाणी तुंबतं, प्रेशर वाढतं. मोठ्या माणसाचा डोळा टणक असतो, तो वाढत नाही. लेकराचा डोळा साधारण तीन वर्षांपर्यंत लवचिक असतो, तो फुग्यासारखा ताणतो. ताणता ताणता बुबुळावरच्या काचेचा आतल्या बाजूचा पातळ थर तडकतो, मग पाणी काचेत शिरतं, ती सुजते, धुरकट होते, उजेड त्यात विस्कटतो म्हणून लेकरू डोळे मिटतं. तो धूर प्रेशर उतरल्यावर हळूहळू निवळू शकतो, पण तडा जिथं गेला तिथं रेघ राहते. आणि मागं डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नस दबत असते ती वेगळीच. आता सांगा, जाळीच बंद असताना थेंब काय करणार? थेंब पाणी थोडं कमी करतात, ऑपरेशनच्या तारखेपर्यंत वेळ मारून नेतात, बस्स. जाळी उघडायचं काम हत्याराचंच.

एक केस सांगतो. तीन हंगाम झाले, तुमच्याच जिल्ह्यातलं ऊसतोड कुटुंब. लेकरू सप्टेंबरचं, मुकादमाची उचल घेतलेली म्हणून दिवाळीनंतर बाळासकट फडावर गेले. दोन महिन्यांचं असताना पाणी सुरू झालं. तिकडच्या मेडिकलमधून तीनदा थेंब आणले. आई कोपीच्या दारात बाळाला घेऊन बसली की ते तोंड फिरवायचं, तिला वाटायचं पाचटाचा कचरा गेला असेल. हंगाम संपून पट्टा पडल्यावर एप्रिलमध्ये माझ्याकडं आले, तेव्हा बाळ सात महिन्यांचं. उजवं बुबुळ १४ मिलीमीटर, डावं १३, दोन्ही दुधी काचेसारखी. भूल देऊन प्रेशर मोजलं, उजवीकडं ३२, डावीकडं २८. २१ च्या वर गेलं की आम्हाला चिंता वाटते, आणि भुलीत तर बऱ्याचदा खरं असतं त्यापेक्षा कमीच दिसतं.

काच स्वच्छ असती तर आतून बघत जाळी चिरता आली असती. इथं आतलं दिसतच नव्हतं म्हणून बाहेरून गेलो. पांढऱ्या भागात छोटी झडप करायची, जाळीच्या मागं असलेला बारीक कालवा शोधायचा, त्यात वाकडी सळई सरकवून आत फिरवायची की जाळी उघडते. त्याच बसणीत पाण्याला दुसरी एक वाट करून ठेवायची. आपल्याकडं लेकरं उशिरा येतात म्हणून बरेच सर्जन हे दोन्ही एकत्रच करतात. एका डोळ्याचं संपलं की हत्यारं बदलून दुसरा, म्हणजे भूल एकदाच.

प्रेशर उजवीकडं १४ आणि डावीकडं १२ वर आलं. डावा डोळा तीन आठवड्यांत निवळला, आतली नससुद्धा बरीच सावरली, लेकराच्या नसेत ती लवचिकता असते, मोठ्यांच्यात नसते. उजव्यात मात्र तड्याची रेघ बरोबर मधून गेलेली. आज तो साडेतीन वर्षांचा आहे, डाव्या डोळ्यानं जमिनीवरचा तीळ उचलतो, उजव्यानं चष्मा लावूनही मोठं चित्र तेवढं ओळखतो. डिसेंबरात कुणी बघितलं असतं तर उजवा एवढा गेला नसता असं मला वाटतं. आईबापाला मी बोललो नाही, उचल फेडायची असते. पण तुम्हाला डॉक्टरांनी वेळेत सांगितलंय, तुमच्याकडं ते कारणही नाही.

भुलीची भीती मी उडवून लावत नाही. लहान लेकरांची सवय असलेला भूलतज्ज्ञ आणि बाळांची सोय असलेलं ठिकाण हवंच, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं तर जा, नांदेड-लातूरकडच्या लोकांना हैदराबादही जवळ पडतं. आदल्या रात्रीचे नियम पाळा : आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी. आजीनं पहाटे चोरून बाटली पाजली म्हणून माझी कितीतरी ऑपरेशनं पुढं ढकलली गेलीत. सर्दी-खोकला असेल तर लपवू नका. पैशांचं म्हणाल तर सरकारी योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. पण तारीख घ्या, महिन्यांवर नको, दिवसांवर.

प्रश्न : मोबाईलवर ‘काचबिंदू बिना ऑपरेशन मुळापासून बरा’ अशी जाहिरात येते. बाळासाठी मागवू का?

न घडलेली जाळी कुठल्याच बाटलीनं घडत नाही. पैसे वाचवा, गाडीभाड्याला लागतील.

प्रश्न : ऑपरेशन होऊन प्रेशर नॉर्मल आलं. तरी डॉक्टर दर तीन महिन्यांनी परत भूल देऊन तपासायचं म्हणतात, वर चष्मा आणि पट्टी. हे पैसे काढायचे धंदे आहेत का? (परभणी)

राग समजतो, पण नाही. दीड वर्षाचं लेकरू मशीनपुढं स्थिर बसत नाही, म्हणून भूल. आणि उघडलेली वाट जखमेसारखी भरूनही येते, मग प्रेशर परत चढतं, काहींना दुसरं ऑपरेशन लागतं. लेकरू काही सांगत नाही, बुबुळ परत वाढतंय का हे मोजूनच कळतं. चष्म्याचं असं की ताणलेला डोळा लांब झालेला असतो, म्हणून मायनस नंबर येतो, तड्यांमुळं तिरका नंबरही. धूसर चित्र बघत वाढलेला मेंदू त्या डोळ्याकडं लक्षच देणं सोडतो, त्यालाच आळशी डोळा म्हणतात. चांगल्या डोळ्यावर रोज ठरलेले तास पट्टी लावली तर कमजोर डोळा कामाला लागतो. किती तास ते तुमच्याच डॉक्टरांना विचारा, शेजारच्या बाळाचे तास तुमच्या बाळाला लावू नका. मोठा झाल्यावर मशीनपुढं बसायला लागला की भूल सुटेल, तपासणी आयुष्यभर.

प्रश्न : माझा नवरा माझ्या आत्याचा मुलगा आहे. पहिल्या मुलाला हा आजार झाला. सासरचे मला दोष देतात. आता परत दिवस गेलेत, या बाळालाही होईल का? (लातूर)

दोष तुमचा एकटीचा नाही आणि खरं तर कुणाचाच नाही. हा आजार बऱ्याचदा अशा जीन्समुळं होतो की बिघडलेली एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून, अशा दोन्ही मिळाल्या तरच लेकरू आजारी पडतं. आईबाप स्वतः ठणठणीत असतात. नात्यात लग्न असलं की दोघांकडं तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणजे जेवढी तुमच्याकडून तेवढीच त्यांच्याकडून, हे सासूबाईंना वाचून दाखवा. तुमच्याकडं तसंच असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता, आणि पहिल्याला झालं म्हणून दुसरं सुटतं असं नाही. पोटातल्या सोनोग्राफीवर विसंबू नका. जीन्सची तपासणी करायची तर आधी पहिल्या मुलाची, त्यासाठी जेनेटिक कौन्सेलरला आत्ताच भेटा. आणि बाळंतपण माहेरी होणार असेल तर मोठ्याची फाईल सोबत न्या, बाळ डोळे उघडून छान बघतंय असं वाटलं तरी पहिल्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, बाराव्याची वाट बघू नका.